४६२ पैकी १५४

टोमॅटोची अकरा झाडं एका ओळीत लावली आहेत. पाच झाडांना नेहमीचं खत घातलं आहे आणि सहा झाडांना नवं, जे सुधारित आहे असा दावा आहे. हंगाम संपल्यावर प्रत्येक झाडाचे टोमॅटो तोलले. ओळीच्या एका टोकापासून मोजत गेलं तर वजनं पौंडांत अशी भरली: नेहमीचं २९.९, नेहमीचं ११.४, नवं २६.६, नवं २३.७, नेहमीचं २५.३, नवं २८.५, नवं १४.२, नवं १७.९, नेहमीचं १६.५, नेहमीचं २१.१ आणि शेवटचं नवं २४.३.

सरासरी काढली तर नेहमीच्या खताची २०.८४ आणि नव्याची २२.५३ पौंड येते. म्हणजे नवं खत दर झाडामागे १.६९ पौंडांनी पुढे आहे. प्रश्न असा, की हा फरक खताचा मानायचा की असाच पडलेला?

हे आकडे जॉर्ज बॉक्स, विल्यम हंटर आणि स्टुअर्ट हंटर यांच्या १९७८ साली आलेल्या ‘स्टॅटिस्टिक्स फॉर एक्सपेरिमेंटर्स’ या पुस्तकातले आहेत. उदाहरण लहान आहे, पण त्यात एक बारीक तपशील आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कोणत्या झाडाला कोणतं खत द्यायचं हे माळ्याने आपल्या मनाने ठरवलं नाही. त्याने अकरा पत्ते घेतले. त्यांतले पाच एका खताचे आणि सहा दुसऱ्याचे धरले, ते नीट पिसले आणि एकेक उलटत गेला. पहिला पत्ता नेहमीच्या खताचा निघाला म्हणून पहिल्या झाडाला नेहमीचं, तिसरा नव्याचा निघाला म्हणून तिसऱ्याला नवं.

आता घटकाभर असं समजू, की नव्या खतात काही दम नाही. दोन्ही खतं झाडाला सारखीच. मग पहिल्या झाडाला २९.९ पौंड टोमॅटो कोणत्याही परिस्थितीत लागलेच असते आणि दुसरं झाड ११.४ वरच अडलं असतं, मग त्याच्या बुडाशी काहीही घाला. झाड कसं वाढलं ते त्याच्या जागेवर, मुळांवर, उन्हावर ठरलं. अशा स्थितीत वजनं पक्की असतात आणि त्यांच्यावर लागलेली खताची नावं तेवढी पत्त्यांनी ठरवलेली असतात. पत्ते वेगळे पडले असते तर तीच अकरा वजनं वेगळ्या दोन गटांत गेली असती आणि सरासरींतला फरकही वेगळा आला असता.

किती वेगळा? एक डाव मांडून पाहू. समजा, पत्ते असे पडले असते की ओळीतल्या पहिल्या पाचही झाडांना नेहमीचं खत मिळालं असतं. त्यांच्या वजनांची बेरीज ११६.९, सरासरी २३.३८. उरलेल्या सहांची बेरीज १२२.५, सरासरी २०.४२. या डावात नवं खत २.९६ पौंडांनी मागे पडलं असतं आणि माळ्याने दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या. झाडं तीच, टोमॅटो तेच. पत्त्यांनी पाच सगळ्यांत कमकुवत झाडं नेहमीच्या खताला दिली असती तर नवं खत तब्बल १०.१६ पौंडांनी जिंकलं असतं, आणि पाच सगळ्यांत जोमदार झाडं दिली असती तर ९.४५ पौंडांनी हरलं असतं.

अकरा जागांमधून पाच निवडण्याचे एकूण प्रकार ४६२ होतात. पत्ते नीट पिसलेले असतील तर या ४६२ वाटण्यांपैकी प्रत्येक वाटणी सारख्याच शक्यतेची. म्हणून आता एकच काम उरतं. ४६२ वाटण्या एकेक करून मांडायच्या, प्रत्येकीत फरक काढायचा आणि १.६९ किंवा त्याहून मोठा फरक किती वाटण्यांत येतो ते मोजायचं.

हे काम दिसतं तितकं किचकट नाही. अकरा झाडांची एकूण बेरीज २३९.४ ही ठरलेली आहे. त्यामुळे नेहमीच्या खताच्या पाच झाडांची बेरीज कळली की फरक आपोआप कळतो. प्रत्यक्षात ती बेरीज १०४.२ आली. तेव्हा एवढंच शोधायचं, की अकरांपैकी कोणत्या पाच वजनांची बेरीज १०४.२ किंवा त्याहून कमी भरते. वही-पेन्सिल घेऊन बसलं तर एका दुपारचं काम, संगणकाला क्षणाचं. उत्तर येतं १५४. त्यात माळ्याची स्वतःची वाटणी धरलेली आहे आणि नेमकी तीच बेरीज देणाऱ्या आणखी दोन वाटण्याही आहेत.

४६२ पैकी १५४ म्हणजे बरोबर एक तृतीयांश. खतात काहीही फरक नसताना नुसत्या पत्त्यांच्या पिसण्यातून एवढा किंवा याहून मोठा फरक दर तीन डावांत एकदा पडला असता. यालाच पी-मूल्य म्हणतात, इथे ते ०.३३. नवं खत कुचकामी असण्याची शक्यता ३३ टक्के आहे, असा त्याचा अर्थ होत नाही, जरी तसा अर्थ सर्रास काढला जातो. खत कुचकामी आहे हे आधीच धरून चालल्यावर पत्त्यांनी काय काय केलं असतं, एवढाच हा हिशेब आहे. माळ्यापुरता त्याचा निष्कर्ष इतकाच, की १.६९ पौंडांच्या फरकाने चकित होण्यासारखं काही घडलेलं नाही.

या पद्धतीला पर्म्युटेशन चाचणी म्हणतात. वाटणी खरोखर चिठ्ठ्या टाकून किंवा पत्ते पिसून झालेली असेल तर रँडमायझेशन चाचणी असंही नाव आहे. तिच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं, की तिला वितरणाविषयी फारशी गृहीतकं लागत नाहीत. हे वाक्य पाठ करणारे पुष्कळ. ते खरं का आहे, हे मात्र या अकरा झाडांवरच नीट दिसतं.

अशा दोन गटांच्या तुलनेला आपल्याकडे पहिला हात जातो तो टी-चाचणीकडे. गिनेस या मद्य कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली तिचा पाया घातला. दोन गटांची टी-चाचणी आपल्या नेहमीच्या रूपात असं धरून चालते, की ही झाडं एका अफाट मोठ्या समूहातून सहज उचललेली आहेत, त्या समूहातल्या उत्पादनांचा आलेख घंटेच्या आकाराचा म्हणजे नॉर्मल आहे, दोन्ही खतांखाली वजनांची पांगापांग सारखी आहे, आणि एका झाडाचं वजन दुसऱ्याच्या वजनाशी बांधलेलं नाही. अकरा आकड्यांवरून यातलं काहीच तपासता येत नाही. अकरा ठिपक्यांवरून घंटा दिसते म्हणणाऱ्याला काहीही दिसू शकतं.

त्यातलं शेवटचं गृहीतक तर इथे उघडच डळमळीत आहे. ओळ पुन्हा पाहा. पहिल्या सहा झाडांची सरासरी २४.२ पौंड आहे आणि शेवटच्या पाचांची १८.८. दुसरं झाड सोडलं तर ओळीचं एक टोक सरळसरळ जोमदार आहे. जमीन तिथे जास्त कसदार असेल, पाणी जास्त मुरत असेल, किंवा ऊन जास्त मिळत असेल. शेजारची झाडं एकमेकांसारखी वाढतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मग वजनं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं म्हणायचं तरी कसं?

पर्म्युटेशन चाचणीत हा प्रश्नच उभा राहत नाही. वजनं कुठून आली, त्यांचा आलेख कसा आहे, शेजारी शेजाऱ्यासारखा आहे का, कशाचीही चौकशी ती करत नाही. २९.९ आणि ११.४ ही वजनं तिच्या दृष्टीने दिलेली, न बदलणारी आहेत. नशिबावर सोडलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पत्ते. आणि पत्त्यांचं गणित निसर्गाने ठरवलेलं नाही, माळ्याने स्वतःच्या हाताने ठरवलेलं आहे. पाच पत्ते या खताचे, सहा त्या खताचे, नीट पिसलेले. म्हणून ४६२ वाटण्या सारख्या शक्यतेच्या आहेत हे गृहीत धरावं लागत नाही. ते माळ्याने घडवून आणलेलं असतं. टी-चाचणीत निसर्गाबद्दल अंदाज करावा लागतो, तर इथे प्रयोग करणाऱ्याने काय केलं याची खात्री पटावी लागते. गृहीतकं कमी लागतात ती या कारणाने, त्यात जादू काही नाही.

जमिनीतला चढउतार असा निरुपद्रवी करता येतो, हे रोनाल्ड फिशरने इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करताना ओळखलं आणि १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात सविस्तर मांडलं. दोनच वर्षांनी टास्मानियातल्या एडविन पिटमनने अशा चाचण्यांचा सर्वसाधारण सिद्धांत लिहिला. आपल्याकडे पानसे आणि साताऱ्याकडचे सुखात्मे यांचं शेतीसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. प्लॉट पाडून त्यांत कोणतं वाण किंवा खत कुठे, हे चिठ्ठीने ठरवायची शिस्त कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाडीमासी मुरली आहे. गंमत अशी, की चिठ्ठ्या मनोभावे टाकल्या जातात आणि विश्लेषणाच्या वेळी त्या चिठ्ठ्यांना कोणी विचारत नाही. सगळा भरवसा घंटेवर.

आता टी-चाचणीवर अन्याय नको. माळ्याच्या आकड्यांवर ती चालवली तर एकाच बाजूचं पी-मूल्य सुमारे ०.३३ येतं, म्हणजे जवळजवळ तेच. हा योगायोग म्हणता येणार नाही. वाटण्यांची संख्या बऱ्यापैकी असली आणि एखादं वजन फारच भलतं नसलं तर पर्म्युटेशनचा आलेख टी-वितरणाच्या जवळ जातो. फिशरने १९३६ साली तर असं लिहिलं, की टी-चाचणीच्या निष्कर्षांना समर्थन मिळतं ते या साध्या, कंटाळवाण्या मोजणीशी त्यांचं उत्तर जुळतं म्हणूनच. तेव्हा मोजणी करायला यंत्र नव्हतं, म्हणून तक्त्याचा आधार घेतला गेला. आज यंत्र आहे.

मग कमी गृहीतकं म्हणजे गृहीतकंच नाहीत का? आहेत, आणि ती कुठे लपतात ते पाहायला हवं.

एक तर जी कल्पना आपण तपासली ती फार कडक होती. ‘सरासरीत फरक नाही’ एवढंच आपण म्हटलं नव्हतं. एकाही झाडाला, रतीभरही, खताने फरक पडला नसता, असं म्हटलं होतं. समजा, नव्या खताने कसदार जागेतली झाडं फोफावतात आणि हलक्या जागेतली तितकीच खालावतात. सरासरी परिणाम शून्य, पण खत निष्क्रिय मात्र नाही. पर्म्युटेशन चाचणी अशा वेळी, विशेषतः दोन गट लहानमोठे असतील तर, सरासरीविषयी फसवं उत्तर देऊ शकते. मोजणीत चूक नसते, तिला विचारलेला प्रश्नच निराळा असतो. म्हणून पी-मूल्य लहान आलं तर ‘खताने काहीतरी घडलं’ हे म्हणता येतं. ‘सरासरी वाढली’ म्हणायला जास्त पुरावा लागतो.

दुसरं गृहीतक मातीखाली आहे. झाडं एका ओळीत आहेत. सहाव्या झाडाला दिलेलं नवं खत पाण्याबरोबर पाचव्याच्या मुळांपर्यंत गेलं तर पाचव्याचं वजन फक्त त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर अवलंबून राहत नाही. खत मुळीच निष्क्रिय असेल तर झिरपून काही बिघडत नाही आणि ४६२ ची मोजणी तशीच खरी राहते. पण खतात दम असेल तर झिरपणं दोन गटांतला फरक पुसत जातं आणि १.६९ हा आकडा नेमका कशाचा, हेच सांगता येत नाही. पत्ते कितीही पिसले तरी यावर उपाय नाही. त्याला दोन झाडांमध्ये अंतर सोडावं लागतं किंवा पत्रा पुरावा लागतो.

तिसरी गोष्ट जास्त माणसाची आहे. सरासरींतला फरक पाहायचा, हे आधी ठरलेलं असायला हवं. वजनं हाती आल्यावर सरासरी पाहिली, जमलं नाही म्हणून मधलं मूल्य पाहिलं, मग दुसरं झाड किडकं होतं म्हणून वगळलं, आणि त्यातलं सर्वांत गोड उत्तर छापलं, तर ४६२ पैकी किती, या प्रश्नाला अर्थ उरत नाही. प्रत्येक वाटणीवर तोच सगळा खटाटोप केला असता तर तिथेही काहीतरी गोड निघालंच असतं.

पत्ते खरंच पिसले होते का, हा तर मुळावरचाच प्रश्न. त्यासाठी याच पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पाहण्यासारखं आहे. चार्ल्स डार्विनने मक्याची रोपं वाढवली होती. काही परपरागित बियांची, काही स्वपरागित बियांची. चार कुंड्यांत मिळून त्यांच्या पंधरा जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एक परपरागित, एक स्वपरागित. उंचीचे आकडे त्याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात दिले. तेरा जोड्यांत परपरागित रोप उंच निघालं, दोन जोड्यांत स्वपरागित. फिशरने हे फरक इंचाच्या आठव्या भागांत मांडले. त्यांची बेरीज परपरागितांच्या बाजूने ३१४ आली, म्हणजे दर जोडीमागे सरासरी सुमारे २.६ इंच.

इथे वाटणी जोडीच्या आत होते, म्हणून पर्म्युटेशनही जोडीच्या आतच करावं लागतं. प्रत्येक फरकाचं चिन्ह उलटं होऊ शकलं असतं, अधिकचं उणे किंवा उण्याचं अधिक. पंधरा जोड्या म्हणून दोनाचा पंधरावा घात, ३२,७६८ शक्यता. त्यांपैकी ८६३ शक्यतांत बेरीज ३१४ किंवा त्याहून जास्त येते. उलट्या दिशेच्याही तितक्याच धरल्या तर १,७२६, म्हणजे ५.२७ टक्के. टी-चाचणीचं उत्तर ४.९७ टक्के. पाच टक्क्यांची रेघ आखून एका बाजूला ‘सिद्ध’ आणि दुसऱ्या बाजूला ‘असिद्ध’ लिहिणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे थोडा वेळ बघत बसावं. पुरावा तोच, पण रेघेची बाजू बदलली.

पण या हिशेबाला एक खोट आहे आणि ती अंकगणितातली नाही. जोडीतलं कोणतं रोप कुंडीच्या कोणत्या बाजूला, हे डार्विनने नाणं उडवून ठरवलं नव्हतं. कुंडीच्या ज्या बाजूला ऊन किंवा पाणी जास्त, त्याच बाजूला एकाच प्रकारची रोपं पडली असतील तर ३२,७६८ शक्यता सारख्या शक्यतेच्या होत्या असं म्हणायला आधार राहत नाही. त्या सारख्या मानायच्या तर निसर्गाबद्दल काहीतरी गृहीत धरावं लागतं, आणि तिथे पर्म्युटेशन चाचणीचं वैशिष्ट्य संपतं. आकडे सुंदर आहेत, आठ दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढता येतील, पण पत्ते पिसणारा हात तिथे नव्हता.

लहान प्रयोगाची आणखी एक अडचण सुरुवातीलाच कळावी अशी आहे. तीन झाडांना एक खत आणि तीन झाडांना दुसरं, असा प्रयोग केला तर वाटण्या फक्त वीस. नव्या खताची तिन्ही झाडं जुन्याच्या तिन्हींपेक्षा सरस निघाली, याहून चांगलं काही घडूच शकत नाही, तरी पी-मूल्य वीसात एक, ०.०५. दोन्ही बाजू धरल्या तर ०.१०. खत कितीही अमृतासारखं असलं तरी याखाली जाता येत नाही. चार-चार झाडं घेतली तर वाटण्या सत्तर होतात आणि जरा श्वास घेता येतो. टी-चाचणी मात्र तीन-तीन झाडांवरही ०.००१ असं उत्तर देऊ शकते. ती जास्तीची खात्री झाडांकडून आलेली नसते, घंटेच्या आकारावर ठेवलेल्या विश्वासातून आलेली असते.

मोठ्या प्रयोगाची अडचण उलटी. पंधरा-पंधराच्या दोन गटांत १५ कोटी ५१ लाखांवर वाटण्या होतात. सगळ्या मोजण्याऐवजी संगणकाकडून, समजा, ९,९९९ वेळा पत्ते पिसून घेतले जातात. त्यांत प्रत्यक्षातली एक वाटणी मिळवून दहा हजारांपैकी किती, असं उत्तर काढतात. ती एक मिळवली नाही तर कधी कधी पी-मूल्य शून्य येतं, आणि शून्य हे उत्तर असूच शकत नाही, कारण जी वाटणी घडली ती तरी शक्य होतीच. अशा वेळी किती वेळा पिसलं ते लिहावं लागतं. ०.०५ च्या आसपासचं उत्तर दहा हजार वेळा पिसूनही ०.००४ इतकं इकडेतिकडे होऊ शकतं.

आता माळ्याने हे कागदावर कसं लिहावं? माप आधी ठरलेलं होतं असं धरून मी असं लिहीन:

‘एका ओळीतल्या अकरा टोमॅटोच्या झाडांपैकी पाचांना नेहमीचं आणि सहांना नवं खत दिलं. कोणत्या झाडाला कोणतं, हे अकरा पत्ते पिसून ठरवलं. एकही झाड वगळलेलं नाही. सरासरी उत्पादन नेहमीच्या खताखाली २०.८ आणि नव्या खताखाली २२.५ पौंड. फरक १.७ पौंड. खताचा कोणत्याही झाडावर परिणाम नाही असं धरल्यास शक्य असलेल्या सर्व ४६२ वाटण्या मोजल्या. नव्या खताच्या बाजूने एवढा किंवा याहून मोठा फरक १५४ वाटण्यांत येतो (०.३३). दोन्ही बाजूंनी धरल्यास ३०५ वाटण्यांत (०.६६).’

यात नॉर्मल शब्द कुठेही आलेला नाही आणि पत्ते मात्र आले आहेत. वाचणाऱ्याला या दोन गोष्टींवरूनच कळावं की चाचणी कशावर टेकली आहे. एकाच बाजूचं उत्तर देऊन गप्प बसू नये, म्हणून ३०५ चा आकडाही दिला. सुधारित म्हणून आलेलं खत वाईटही असू शकतं.

एवढं लिहून अहवाल मात्र पुरा होत नाही, कारण ०.३३ वाचून ‘नव्या खताने फरक पडत नाही’ असं म्हणायचा मोह होतो. तो मोडायला हीच मोजणी उलटी वापरता येते. समजा, नवं खत प्रत्येक झाडाला नेमके दहा पौंड वाढवून देतं. तसं असेल तर नव्या खताच्या सहाही झाडांच्या वजनांतून दहा-दहा वजा केले की खताविनाची वजनं मिळतात: १६.६, १३.७, १८.५, ४.२, ७.९, १४.३. नेहमीच्या खताची पाच वजनं तशीच. आता या अकरा आकड्यांवर पुन्हा ४६२ वाटण्या मांडायच्या आणि पाहायचं, की नेहमीच्या खताची बेरीज १०४.२ किंवा त्याहून जास्त किती वेळा येते. फक्त १६ वेळा, म्हणजे साडेतीन टक्के. दहा पौंडांचा दावा या आकड्यांशी फारसा जुळत नाही. पाच पौंड धरले तर मात्र विसंगत असं काही दिसत नाही, शून्य धरलं तरी नाही, आणि एक पौंड तोटा धरला तरी नाही. असे आकडे धरत-सोडत गेलं की कोणते परिणाम अजून शक्य आहेत, त्यांचा पट्टा हाती लागतो. तो अहवालात द्यायला हवा. अकरा झाडांवर हा पट्टा फार रुंद असतो, आणि ०.३३ या एका आकड्यापेक्षा तो माळ्याच्या जास्त उपयोगाचा आहे.

पुढच्या हंगामात माळ्याला सुधारणा करायची असेल तर ओळीच्या त्या कसदार टोकाचा विचार करावा. शेजारशेजारची दोन झाडं एक जोडी धरायची आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवायचं, म्हणजे जमिनीचा चढउतार दोन्ही खतांच्या वाट्याला सारखा येतो. पण अकरा झाडांच्या पाचच जोड्या होतात आणि त्यांच्या शक्यता फक्त बत्तीस. पाचही जोड्यांत नवं खत जिंकलं तरी दोन्ही बाजूंनी बत्तिसात दोन, ०.०६२५. सहा जोड्या केल्या तर चौसष्टात दोन, ०.०३. तेव्हा बारावं झाड लावावं, आणि जोड्यांमध्ये खत झिरपणार नाही इतकी जागा आहे का ते आधी मोजून घ्यावं.